रिक्रूटरला व्हिसा स्पॉन्सरशिपचं आधीच विचारायचं का नंतर? (यूके, फाउंड्री / मशीनिंग)

शिरोली_सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

मी मेकॅनिकल, वय २९, शिरोली एमआयडीसीत सहा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं फाउंड्रीत मेथड्सला होतो, आता मशीनशॉपला प्रोसेस इंजिनिअर. गेल्या वर्षी इंग्लंडातल्या एका कंपनीसाठी लिंक्डइनवरून अप्लाय केलं. पहिला कॉल एचआरचा, दुसरा मॅनेजरचा, तिसऱ्यात त्यांनी एका कास्टिंगचं ड्रॉइंग दिलं आणि गेटिंग-रायझरिंग कसं करशील ते पाठव म्हणाले. मी अख्खा रविवार घालवला त्याच्यात, घरच्यांबरोबर जोतिबाला जायचं होतं ते पण गेलो नाही. मग चौथा राउंड, मग पाचवा प्लांट हेडबरोबर, माणूस खूश, म्हणाला कधी जॉइन होशील. सात आठवडे गेले ह्यात. आणि मग एचआरची दोन ओळींची मेल, की आम्ही ह्या पोस्टसाठी व्हिसा स्पॉन्सर करत नाही, शुभेच्छा. अरे मग पहिल्या दिवशी सांगायचं की! सीव्हीवर पत्ता कोल्हापूरचा, फोन नंबर +९१ चा, त्यांना काय वाटलं मी रोज केएमटीनं येणार हाय?

पण खरं सांगू, चूक माझी पण आहे. मी विचारलंच नव्हतं. वाटलं उगाच पहिल्याच कॉलला व्हिसा-व्हिसा केलं तर कटवतील.

आता परवा एका एजन्सीच्या रिक्रूटरचा मेसेज आलाय, वेस्ट मिडलंड्सला प्रोसेस इंजिनिअर, कास्टिंग आणि मशीनिंग दोन्ही बघणारा पाहिजे, पगार ३८ ते ४२ हजार पौंड. प्रोफाइल अगदी माझंच. उद्या-परवा कॉल ठरवायचाय. तर स्पॉन्सरशिपचं कधी विचारू, आणि कसं? की एक-दोन राउंड होऊ देऊ?

उत्तरेश्वरचा_काका

पोरा, माझं ऐक. आधी काम दाखव, मग माग. मी १९९८ ला दुबईला गेलो तेव्हा मुंबईत एका हॉटेलात इंटरव्ह्यू झाला, तिथंच मागच्या शेडमध्ये वेल्डिंगचा पीस करून घेतला, गोऱ्यानं फोडून बघितला आणि म्हणाला याला घ्या. व्हिसा कंपनीनंच काढून पाठवला, मी एका शब्दानं विचारलं नव्हतं. ज्याला माणूस पाहिजे असतो तो व्हिसा काढतोच. पहिल्याच भेटीत हुंड्याचं बोलणं काढल्यासारखं दिसतं ते.

तांबडा_पांढरा_जास्त

पाच राउंड म्हणजे पायथ्यापासून पन्हाळा चालत चढला आणि वर गेल्यावर कळलं दरवाजा बंद. 😂 सॉरी भावा, पण जोतिबा चुकवला म्हणून झालं असणार ते.

कोड_आणि_कटवडा

काका, दुबई वेगळं, यूके वेगळं. यूकेत सरकारची लिस्ट आहे, स्पॉन्सर लायसन्स असलेल्या कंपन्यांची, gov.uk वर फुकट मिळते. त्यात नाव शोधायचं, असेल तर ती कंपनी व्हिसा देते, विषय संपला, विचारायची पण गरज नाही. मी बेंगलोरला असताना आमच्यातले दोघं असेच गेले. आणि एक टीप, फॉर्मवर "तुम्हाला आत्ता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का" असा प्रश्न असतो तिथं सरळ "नाही" टिक करायचं, नाहीतर सॉफ्टवेअरच बाहेर काढतं. नंतर बोलता येतं.

राजारामपुरी_ते_कॉव्हेंट्री

मी इथं मिडलंड्समध्येच मॅन्युफॅक्चरिंगच्या भरतीचं काम करते, नऊ वर्षं झाली, त्यातली चार एजन्सीत आणि आता एका कंपनीच्या आतल्या टीममध्ये. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगते.

पहिलं, आधीच विचारायचं. कॉलच्याही आधी, मेसेजच्या उत्तरातच. काकांचा अनुभव खोटा नाही, पण तिथं कंपनी ठरवते आणि व्हिसा निघतो. इथं कंपनीला माणूस कितीही आवडला तरी तिच्याकडे होम ऑफिसचं लायसन्स नसेल तर ती काही करूच शकत नाही, प्लांट हेड खूश असून उपयोग नाही. तुझ्या पाच राउंडमध्ये ज्यांनी ज्यांनी तुला बघितलं त्यातल्या एकालाही बहुतेक हे माहीत नव्हतं. शॉपफ्लोअरचा मॅनेजर व्हिसाचा विचार करत नाही, त्याला वाटतं एचआर बघेल, आणि एचआर फाइल उघडते ती ऑफर लेटर करायच्या वेळी. म्हणून सात आठवडे. कुणी मुद्दाम फसवलेलं नसतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

आता कटवडावाल्यांचं. लिस्टचं बरोबर आहे, पण निम्मंच. ती फाइल उघडली की कंपनीच्या नावासमोर गाव असतं, रेटिंग असतं आणि शेवटी `Route` नावाचा एक कॉलम असतो. लोक नाव बघतात आणि फाइल बंद करतात. तो शेवटचा कॉलम बघायचा. तिथं `Skilled Worker` लिहिलेलं असेल तरच बाहेरच्या नवीन माणसाला घेता येतं. बऱ्याच मोठ्या इंजिनिअरिंग कंपन्यांसमोर `Global Business Mobility` असतं, म्हणजे त्यांच्याच ग्रुपच्या पुण्या-चेन्नईच्या प्लांटमधला माणूस तिकडे पाठवायचा परवाना. त्यावर तुला नाही घेता येत. एका कंपनीच्या दोन ओळी पण असतात, दोन्ही रूट असले तर, म्हणून खाली स्क्रोल करून बघायचं.

आणि फॉर्मवर "नाही" टिक करायचं अजिबात करू नका. ते खोटं ठरतं, आणि ऑफरच्या टप्प्यावर उघड होतंच होतं, कारण राइट टू वर्क चेक केल्याशिवाय इथं कुणाला कामावर घेता येत नाही. मी स्वतः असे दोन उमेदवार शेवटच्या दिवशी काढलेत, आणि सिस्टीममध्ये त्यांच्या नावापुढे शेरा राहिलाय.

शिरोली, मला एक सांग, त्या ३८ ते ४२ मध्ये बेसिक किती, आणि आठवड्याचे तास किती? ते सांगितलंस की पुढचं लिहिते, खरी गोम तिथं आहे.

शिरोली_सेकंड_शिफ्ट

ताई लई उपकार. मेसेजमध्ये फक्त "३८ ते ४२ हजार, अनुभवाप्रमाणे, प्लस शिफ्ट अलाउन्स" असं आहे. तास लिहिलेले नाहीत. आणि कंपनीचं नावच नाही, "आमचा क्लायंट, नामांकित ऑटोमोटिव्ह सप्लायर" एवढंच. पण मी एजन्सीचं नाव त्या लिस्टमध्ये शोधलं आणि आहे! स्किल्ड वर्कर, ए रेटिंग. म्हणजे जमलं ना?

गंगावेश_वहिनी

माझा पण व्हिसाचाच प्रश्न आहे म्हणून इथंच विचारते. माझ्या दिराला सांगलीच्या एका एजंटानं यूकेचा केअर वर्करचा व्हिसा करून देतो म्हणून सांगितलंय, १४ लाख मागतोय, म्हणतोय स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट कंपनीकडून विकत घ्यावं लागतं त्याचे पैसे. निम्मे आधी. सासूबाई गहाण ठेवायच्या तयारीत आहेत. विचारायचं कुणाला, रिक्रूटरला की एजंटाला?

राजारामपुरी_ते_कॉव्हेंट्री

वहिनी, तुमचं आधी, कारण तुमचं जास्त अर्जंट आहे. एक रुपया देऊ नका. केअर वर्करसाठी बाहेरून नवीन माणूस आणायचं इथल्या सरकारनं २२ जुलै २०२५ पासून बंद केलंय. भारतात बसलेल्या माणसाला त्या कामाचा नवीन व्हिसा मिळतच नाही. आणि ते सर्टिफिकेट विकायचं नसतंच. त्याची फी कंपनीनं भरायची, कामगाराकडून वसूल करता येत नाही. जो विकतो म्हणतो तो एकतर खोटं बोलतोय किंवा गुन्हा करतोय. सासूबाईंना हे दाखवा.

शिरोली, तू एजन्सीचं लायसन्स बघून खूश झालास, तिथंच चूक झाली. एजन्सीचं लायसन्स तिच्या स्वतःच्या ऑफिसात काम करणाऱ्या माणसांसाठी असतं. तुझा पगार कोण देणार, तुला कामाला कोण लावणार, त्याचं लायसन्स लागतं, म्हणजे क्लायंटचं. एजन्सी मध्ये फक्त ओळख करून देते आणि तू जॉइन झालास की कमिशन घेते. हे कमिशन लक्षात ठेव, कारण त्यामुळेच रिक्रूटर तुझ्याशी गोड बोलतो. त्याला तीन-चार सीव्ही पाठवायचे असतात, तुझा चौथा म्हणून गेला तरी त्याचं काही जात नाही, वेळ तुझा जातो.

आता पगाराचं. समज क्लायंटकडे लायसन्स आहे, स्किल्ड वर्करच आहे, सगळं छान. तरी हे पद ३८ हजारावर स्पॉन्सर करताच येत नाही. जुलै २०२५ पासून किमान पगार ४१,७०० पौंड झालाय, आधी ३८,७०० होता. २६ च्या आतल्यांना थोडी सवलत आहे, ३३,४०० वर चालतं, तू २९ चा, त्यात बसत नाहीस. आणि हे ४१,७०० फक्त बेसिकचे. शिफ्ट अलाउन्स, ओव्हरटाइम, बोनस काही धरत नाहीत. आपल्याकडे सीटीसी सांगायची सवय असल्यामुळे पोरं तिथंच फसतात, "सगळं मिळून ४४ होतात" म्हणून निवांत राहतात.

त्याच्यावर आणि एक. प्रत्येक कामाला सरकारनं एक कोड दिलाय आणि त्या कोडचा स्वतःचा एक दर आहे. ४१,७०० आणि तो दर, ह्यातलं जे जास्त ते लागतं. कोडचा दर आठवड्याला साडेसदतीस तास धरून छापलेला असतो. आता फॅक्टरीत चाळीस तास असतात बऱ्याचदा. मग दर त्या प्रमाणात वाढतो. नुसतं उदाहरण म्हणून, एखाद्या कोडचा दर ४२,००० असला तर चाळीस तासांना तो ४४,८०० होतो. म्हणून तास विचारत होते. तुझा कोड प्रोडक्शन अँड प्रोसेस इंजिनिअरचा, २१२५, त्याचा आत्ताचा दर gov.uk वर बघून घे.

म्हणजे तुझ्या बाबतीत "तुमची कंपनी स्पॉन्सर करते का" हा प्रश्नच अपुरा आहे. तो विचारलास तर "हो" येईल, आणि ते "हो" खरं पण असेल, आणि तरी शेवटी नाही होईल. विचारायचं ते असं, की हे पद, ह्या पगारावर, भारतातून येणाऱ्या माणसासाठी स्पॉन्सर करणार का.

कोड_आणि_कटवडा

रूटचं माहीत नव्हतं ताई, मान्य. पण भारतातून येणाऱ्या माणसासाठी असं वेगळं का? स्पॉन्सर करते म्हणजे करते ना.

राजारामपुरी_ते_कॉव्हेंट्री

नाही ना. इथं लायसन्स असलेल्या किती तरी कंपन्यांनी आजवर फक्त इथंच शिकलेल्या पोरांना स्पॉन्सर केलंय, जी आधीच देशात आहेत. त्यांच्यासाठी कंपनीला वर्षाला ठरावीक सर्टिफिकेटं मिळालेली असतात, त्यातलं एक द्यायचं. बाहेरच्या माणसासाठी मात्र दर वेळी त्या एका माणसाच्या नावानं होम ऑफिसकडे वेगळी मागणी करावी लागते. तसं फार अवघड नाही, सगळं नीट असलं तर दिवसा-दोन दिवसांत मंजूर होतं. पण ज्या एचआरनं कधी केलं नाही तिला तो डोंगर वाटतो. म्हणून मी तर पोरांना सांगते, "गेल्या वर्षभरात तुम्ही यूकेबाहेरून कुणाला आणलंय का" हे विचारा. त्याचं उत्तर पटकन आलं तर समजायचं पाणी वाहतंय.

पैशाचं पण आहे. मोठ्या कंपनीला स्किल्स चार्ज भरावा लागतो, डिसेंबर २०२५ पासून तो वर्षाला १,३२० पौंड झालाय, तीन वर्षांच्या व्हिसाला ३,९६० होतात, वर सर्टिफिकेटचे ५२५. हे सगळं तू यायच्या आधी भरायचं आणि तुझ्याकडून घ्यायचं नाही. त्यामुळे "बघू" म्हणणारा मॅनेजर अकाउंट्सला विचारून आला की "नाही" म्हणतो. तुझी व्हिसा फी आणि हेल्थ सरचार्ज, वर्षाला १,०३५, हे तुझ्या खिशातून जाऊ शकतात, काही कंपन्या देतात काही नाही. ते मात्र पहिल्या मेसेजला विचारू नकोस. ते ऑफरच्या वेळचं बोलणं आहे, काकांच्या भाषेत हुंड्याचं.

न्यू_जर्सीचा_न्यू_पॅलेस

अमेरिकेत हे सगळं लागू नाही हे कुणीतरी लिहा नाहीतर पोरं गोंधळतील. इथं कंपन्यांची तसली लायसन्सची लिस्ट नाही, एच-१बी ला लॉटरी आहे, मार्चमध्ये रजिस्ट्रेशन, आणि सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून नवीन माणूस आणायला एक लाख डॉलरची भानगड निघालीय. तो "आत्ता किंवा पुढे" वाला टिकमार्क मूळ इथलाच. माझा किस्सा, मी इथं शिकून ओपीटीवर होतो, "आत्ता" ला नाही आणि "पुढे" ला हो असं दोन्ही खरं होतं, आणि फॉर्मवर एकच चौकट. मी "हो" टिक केलं आणि खाली लिहिलं की तीन वर्षं काही लागणार नाही. साठ अर्जांतून चार कॉल आले. "नाही" टिक केलेल्या मित्राला जास्त आले, खोटं कशाला बोलू. त्याचं पुढं काय झालं ते इथं लिहीत नाही.

उत्तरेश्वरचा_काका

पगाराचं आणि लायसन्सचं मला ठाऊक नव्हतं, ते पटलं. पण माझा मुद्दा राहतोच. समजा दोन पोरं आहेत, एकानं पहिल्या ओळीत व्हिसा काढला आणि दुसऱ्यानं आपल्या कामाचं सांगितलं. रिक्रूटर कुणाला फोन करेल? आणि लायसन्स नसलेली कंपनी माणूस आवडला तर लायसन्स काढणार नाही का? माणसासाठी माणूस काय काय करतो.

राजारामपुरी_ते_कॉव्हेंट्री

काका, काढू शकते. अर्जाला साधारण आठ आठवडे, छोट्या कंपनीला २०२५ च्या दरानं ५७४ पौंड फी, मोठीला १,५७९. फी पेक्षा जबाबदारीला घाबरतात, कारण मग होम ऑफिस कधीही येऊन रेकॉर्ड तपासू शकतं. नऊ वर्षांत मी एका माणसासाठी लायसन्स काढलेलं एकदा बघितलंय, पंधरा जणांची टूलरूम होती, मालक स्वतः उमेदवाराला भेटला होता. एकदा. त्यावर सात आठवडे लावायचे का ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पहिल्या ओळीत व्हिसा नको, हे मात्र बरोबर. मी क्रम असा सांगेन, शिरोली, मराठीत लिहिते, तू तुझ्या इंग्रजीत कर: "तुमचा मेसेज मिळाला, आभार. ग्रे आयर्न कास्टिंगचं मेथड्स आणि मशीनिंग दोन्ही मिळून माझा सहा वर्षांचा अनुभव आहे, पद अगदी जुळतंय. मी सध्या भारतात आहे आणि मला स्किल्ड वर्कर स्पॉन्सरशिप लागेल. कॉल ठरवायच्या आधी दोन गोष्टी कळल्या तर आपल्या दोघांचा वेळ वाचेल. क्लायंट ह्या पदासाठी यूकेबाहेरचा उमेदवार स्पॉन्सर करायला तयार आहे का, आणि बेसिक पगार ४१,७०० च्या वर जाऊ शकतो का, आठवड्याचे तास किती?" बस. माफी मागायची नाही, "अडचण आहे पण" असलं काही लिहायचं नाही. रोजचं कामकाज असल्यासारखं लिहायचं. आम्हाला अशी मेल आली की उत्तर द्यायला एक मिनिट लागतं, आणि एक मिनिट लागणाऱ्या मेलला उत्तर मिळतं.

कंपनीचं नाव पहिल्या मेसेजला मागू नकोस, एजन्सीवाले देत नाहीत, तू थेट अप्लाय करशील ही भीती. पण सीव्ही क्लायंटला पाठवायच्या आधी ते सांगतातच, तेव्हा माग आणि लिस्ट बघ.

तांबडा_पांढरा_जास्त

आपल्याकडे भाड्याची खोली बघताना पण हाच क्रम असतो, आधी "बॅचलर चालतील का", मग पाण्याची वेळ. उलटं केलं की खोली आवडून बसते.

शिरोली_सेकंड_शिफ्ट

अपडेट. ताईंनी सांगितलं तसं पाठवलं, जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. लिहितो काय आलं ते: "क्लायंटकडे स्पॉन्सर लायसन्स आहे आणि योग्य उमेदवारासाठी ते विचार करू शकतात. पगारात थोडी लवचिकता आहे. तास ३९. कॉल करूया का?"

मला तर बरं वाटलं वाचून. तुम्हाला काय वाटतं?

कोड_आणि_कटवडा

हो आलं की भावा! जा.

राजारामपुरी_ते_कॉव्हेंट्री

मला "विचार करू शकतात" हे शब्द आवडत नाहीत, कारण मी एजन्सीत असताना स्वतः ते टाइप केलेत. त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की रिक्रूटरनं क्लायंटला विचारलेलं नाही. लायसन्स आहे एवढं त्याला माहीत आहे, बाकी अंदाज. ज्यानं विचारलेलं असतं तो लिहितो, "एचआरशी बोललो, ह्या रोलला होईल" किंवा "दोन महिन्यांपूर्वीच एकाला आणलंय". त्यात माणूस असतो, तारीख असते.

"थोडी लवचिकता" पण तसंच. ३९ तास म्हणजे तुझ्या कोडच्या दराला ३९ नं गुणून साडेसदतीसनं भाग, जो आकडा येईल तो आणि ४१,७०० ह्यातला मोठा, तो तुझा आकडा. ४२ च्या वर जात असेल तर त्यांच्या रेंजच्या बाहेर गेलास, आणि हे रिक्रूटरला तूच सांगायला हवंस, त्याला हे गणित येत नसणार. तो आकडा धरून विचार, "एवढं बेसिक होईल का", लवचिकतेवर थांबू नकोस.

कॉल कर, नाही कशाला म्हणायचं. पण कॉलच्या शेवटी एकच म्हण, की सीव्ही पाठवाल तेव्हा स्पॉन्सरशिप लागणार हे वरच लिहून पाठवा आणि एचआरचं हो आलं की मला कळवा. लपवून पाठवलेला सीव्ही म्हणजे परत तेच पाच राउंड.

आणि इंग्रजीची परीक्षा बघून ठेव, जानेवारी २०२६ पासून बी२ लेव्हल लागते, आधी बी१ चालायचं.

गंगावेश_वहिनी

ताई, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या इंटरनेटवर काय कुणीपण लिहितं. दीर मात्र एजंटाला म्हणाला कंपनीचं नाव सांग, तर तो म्हणतो पैसे भरल्यावर सांगतो. एवढ्यावर सध्या थांबलंय. बघू.

शिरोली_सेकंड_शिफ्ट

अजून एक अपडेट, आणि इथं मी अडकलोय.

काल कॉल झाला, शिफ्ट सुटल्यावर साडेबाराला घरी आलो होतो म्हणून आज डोळे चुरचुरायलेत, पण कॉल चांगला झाला. बारा मिनिटं. त्यानं गणित ऐकल्यावर खरंच "मला हे माहीत नव्हतं" म्हणाला. सीव्ही पाठवतो म्हणून कंपनीचं नाव सांगितलं. मी लगेच लिस्ट उघडली. तर तिथं जवळजवळ त्याच नावाच्या दोन कंपन्या हायत. एक आहे ती ह्याच गावातली, जिथं नोकरी आहे, पण तिच्यासमोर फक्त ग्लोबल बिझनेस मोबिलिटी. दुसरीच्या नावात एक शब्द जास्त आहे, गाव दुसरं, साठ-सत्तर मैलांवर, आणि तिच्यासमोर स्किल्ड वर्कर आहे. वेबसाइटवर दोन्ही प्लांट एकाच ग्रुपचे दाखवतात.

मग माझं कुठल्या लायसन्सवर होणार? का होणारच नाही?

कोड_आणि_कटवडा

ग्रुप एकच आहे ना, मग चालत असेल.

राजारामपुरी_ते_कॉव्हेंट्री

चालत असेल आणि नसेल पण, हे बाहेरून सांगता येत नाही. एका लायसन्सखाली ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपन्या आणि शाखा जोडून घेता येतात, पण घेतल्यात की नाही ते लिस्टमध्ये दिसत नाही. जोडलेली असेल तर दुसऱ्या गावाच्या लायसन्सवर तुझं होऊ शकतं. नसेल तर त्यांना आधी जोडून घ्यावं लागेल, नाहीतर तुझं अपॉइंटमेंट लेटर त्या दुसऱ्या कंपनीच्या नावानं आणि काम ह्या गावात असलं काहीतरी, त्यात एचआर पडणार नाही.

रिक्रूटरला दोन्ही ओळी स्क्रीनशॉट काढून पाठव आणि विचार की माझ्या ऑफर लेटरवर ह्यातल्या कुठल्या कंपनीचं नाव येणार. हा प्रश्न त्यानं एचआरला फॉरवर्ड केला की त्याला स्पॉन्सरशिपचं विचारल्याशिवाय राहताच येणार नाही.

उत्तरेश्वरचा_काका

अरे आमच्या वेळी पासपोर्ट दिला की झालं होतं. हे म्हणजे सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे ते बघितल्यासारखं झालं.

राजारामपुरी_ते_कॉव्हेंट्री

काका, अगदी तेच आहे. गट नंबर एक आणि खातेदार दोन.

शिरोली_सेकंड_शिफ्ट

पाठवला स्क्रीनशॉट. रिक्रूटर म्हणाला सोमवारी एचआरशी बोलतो. पहिल्या मेसेजपासून आज सहावा दिवस. ह्या रविवारी जोतिबाला जाऊन येतो, कोण येणार असेल तर सांगा, गाडीत दोन सीट रिकाम्या आहेत.